बावीस दिवस बंद राहिलेल्या ब्रॉडबँडचे बिल परत कसे मागावे?

प्रश्न: आमच्या गल्लीत रस्त्याच्या खोदकामात फायबर केबल तुटली आणि 3 जूनच्या संध्याकाळपासून 26 जूनच्या दुपारपर्यंत घरचे इंटरनेट बंद होते. मी चार वेळा तक्रार नोंदवली. तरीही जूनचे बिल पूर्ण आले, 999 रुपये अधिक जीएसटी. कस्टमर केअर म्हणते, ‘सद्भावना म्हणून 150 रुपये कमी करतो, यापेक्षा जास्त सिस्टिम देत नाही.’ बंद दिवसांचे पैसे परत मिळवण्यासाठी नेमके काय करावे?

उत्तर:

एका इंटरनेट पुरवठादाराच्या बिलिंग आणि अपील विभागात मी बरीच वर्षे काम केले आणि आता ग्राहकांच्या बाजूने अशाच तक्रारींचे मसुदे लिहून देतो, त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजू मला ठाऊक आहेत. ‘सिस्टिम देत नाही’ हे वाक्य त्या कर्मचाऱ्याच्या दृष्टीने बहुधा खरेच असते. त्याच्या पडद्यावर सद्भावना सवलतीची एक मर्यादा दिलेली असते आणि तिच्यापलीकडे त्याला काही करता येत नाही. आपल्याला मात्र सद्भावना नको आहे. आपल्याला हवी आहे ती भाडे-सवलत, जिला कंपनीच्या भाषेत रेंट रिबेट म्हणतात. ती वेगळ्या खात्यातून, वेगळ्या कारणाने आणि वेगळ्या हिशेबाने मिळते, म्हणून पहिल्या ओळीपासून हाच शब्द वापरावा आणि ‘डिस्काउंट’ हा शब्द पत्रात कुठेही येऊ देऊ नये.

या मागणीचा आधार भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे, म्हणजे ट्रायचे, सेवा-गुणवत्तेचे विनियम हा आहे. ब्रॉडबँडसाठी असे विनियम प्रथम 2006 मध्ये आले. त्यांत दुरुस्ती लांबल्यास द्यायच्या सवलतीचे टप्पे ठरलेले होते: बिघाड तीन दिवसांपेक्षा जास्त पण सात दिवसांच्या आत राहिला तर सात दिवसांचे भाडे, सातपेक्षा जास्त पण पंधराच्या आत राहिला तर पंधरा दिवसांचे, आणि पंधरा दिवसांच्या पुढे गेला तर पूर्ण महिन्याचे. हे दिवस तेव्हा कामकाजाचे दिवस म्हणून धरले होते. पुढे लँडलाइन, मोबाइल आणि ब्रॉडबँड या सर्वांसाठी 2024 मध्ये एकत्रित विनियम आले आणि ते 1 ऑक्टोबर 2024 पासून लागू झाले. तारेच्या जोडणीतील बिघाड तीन दिवसांत दुरुस्त झाला नाही तर पोस्टपेड ग्राहकाला भाड्यात सवलत आणि प्रीपेड ग्राहकाला मुदतवाढ द्यायची, हे बंधन त्यांतही आहे. हे विनियम ट्रायच्या trai.gov.in या संकेतस्थळावर आहेत. पत्र लिहिण्याआधी त्यांची प्रत उतरवून घ्यावी, भाडे-सवलतीचे पान छापून पत्राला जोडावे आणि त्या तरतुदीचा क्रमांक पत्रात जसाच्या तसा लिहावा. कंपनीतला माणूस वर्तमानपत्रातील बातमीचे कात्रण बाजूला ठेवू शकतो, पण विनियमाच्या पानाला त्याला लेखी उत्तर द्यावे लागते.

या टप्प्यांमुळे आपली मागणी नेमकी किती, हे ठरते. बहुतेक लोक इथे स्वतःच कमी मागतात, कारण ते दिवसांचा साधा त्रैराशिकाचा हिशेब करतात. आपल्या उदाहरणात 999 रुपयांना 30 ने भागले की रोजचे 33 रुपये 30 पैसे येतात. 22 पूर्ण दिवसांचे 732 रुपये 60 पैसे आणि त्यावरील 18 टक्के जीएसटी धरून 864 रुपये 47 पैसे होतात. टप्प्यांच्या हिशेबाने मात्र बिघाड पंधरा दिवसांच्या पुढे गेला आहे, म्हणून पूर्ण महिन्याचे 999 रुपये आणि त्यावरील 179 रुपये 82 पैसे कर, असे एकूण 1178 रुपये 82 पैसे मिळायला हवेत. कंपनीने दिवस कामकाजाचेच धरायचे म्हटले आणि मधले रविवार वगळले, तरी आपले दिवस अठराच्या खाली जात नाहीत. त्यामुळे मागणी टप्प्यांची ठेवावी आणि साध्या हिशेबाची रक्कम ‘कोणत्याही परिस्थितीत किमान’ म्हणून दुसऱ्या ओळीत लिहावी.

आता मूळ अडचणीकडे वळतो. आपण चार वेळा तक्रार नोंदवली असे लिहिले आहे. माझ्या अनुभवात भाडे-सवलत हातची जाते ती बहुतेक वेळा इथेच. बिलिंगच्या यंत्रणेला आपले इंटरनेट कधी बंद पडले हे माहीत नसते. तिला माहीत असतो तो फक्त डॉकेट नंबर, म्हणजे तक्रार क्रमांक, तो उघडल्याची वेळ आणि बंद केल्याची वेळ. मी ज्या विभागात होतो तिथे महिनाअखेरीला बिघाडांच्या नोंदींतून एक यादी यायची आणि ज्या क्रमांकांचा कालावधी 72 तासांच्या वर गेला आहे तेवढेच त्या यादीत असायचे. बाकीची नावे आमच्यासमोर कधी आलीच नाहीत. दुरुस्ती पथकावर 72 तासांच्या आत तक्रार बंद करण्याचे दडपण असायचे, म्हणून केबल जोडली नसली तरी ‘भेट दिली, काम प्रगतीत’ असा शेरा मारून क्रमांक बंद व्हायचा, ग्राहकाला ‘आपली तक्रार सोडवली आहे’ असा संदेश जायचा, आणि ग्राहक वैतागून पुन्हा फोन करायचा की नवा क्रमांक नव्या घड्याळासह उघडायचा.

आपल्या बाबतीत हे कसे घडले असेल ते मांडून पाहू. समजा, पहिला क्रमांक 3 जूनला संध्याकाळी 7.40 ला उघडला आणि 6 जूनला सकाळी 11 ला बंद झाला. तो 63 तास 20 मिनिटे चालला. दुसरा 6 जूनला संध्याकाळी 6 ला उघडून 9 तारखेला सकाळी 10 ला बंद झाला, म्हणजे 64 तास. तिसरा 9 तारखेला दुपारी 1 ला उघडला आणि 12 तारखेला सकाळी 11 ला बंद झाला, म्हणजे 70 तास. चौथा 12 जूनला संध्याकाळी 6 ला उघडला तो 26 जूनला दुपारी 1 ला, जोड बसल्यावर बंद झाला. यंत्रणेच्या नजरेत पहिले तीन बिघाड वेळेत दुरुस्त झाले आणि चौथा तेरा दिवस आणि काही तास चालला. म्हणजे फार तर पंधरा दिवसांचे भाडे, 499 रुपये 50 पैसे. प्रत्यक्षात बिघाड एकच होता, केबल एकाच जागी तुटली होती आणि मधल्या काळात एक मिनिटही जोडणी चालू झालेली नव्हती. आपल्या पत्रातला सगळा युक्तिवाद एवढा एकच आहे: चार क्रमांक ही एकाच बिघाडाची साखळी आहे, म्हणून काळ पहिल्या क्रमांकाच्या उघडण्यापासून शेवटच्या क्रमांकाच्या बंद होण्यापर्यंत सलग मोजावा.

हे सिद्ध करण्यासाठी लागणारा सर्वांत भक्कम पुरावा कंपनीच्याच घरात असतो आणि त्याची कल्पना फार थोड्या ग्राहकांना असते. आपला राउटर जेव्हा जेव्हा जोडला जातो तेव्हा कंपनीच्या सर्व्हरवर एक सत्र सुरू झाल्याची नोंद होते आणि तुटला की ते संपल्याची. त्या नोंदीत सुरुवातीची वेळ, शेवटची वेळ आणि वापरलेला डेटा असतो. बहुतेक कंपन्यांच्या ॲपमध्ये किंवा खात्याच्या पानावर ‘युसेज’ या नावाखाली तीच माहिती दिवसवार दिसते. तिथे 3 जूनच्या संध्याकाळनंतर 26 जूनच्या दुपारपर्यंत शून्य दिसत असेल, तर 6, 9 आणि 12 तारखेला ‘तक्रार सोडवली’ हे शेरे चुकीचे होते हे कंपनीची नोंदच सांगते. त्या पानाची छायाचित्रे आजच काढून ठेवावीत, कारण काही ठिकाणी जुन्या महिन्यांचा तपशील थोड्या काळानंतर दिसेनासा होतो. पान उपलब्ध नसेल तर पत्रात सत्रांची नोंद लेखी मागावी.

यावर कंपनीचे ठरलेले उत्तर असे असते की शून्य वापर म्हणजे जोडणी बंद असे नव्हे, ग्राहकाने राउटर बंद ठेवला असेल, गावी गेला असेल, घरात वीज नसेल. त्यालाही उत्तर आहे. फायबरच्या डब्यावर, ज्याला ओएनटी म्हणतात, LOS असे लिहिलेला एक दिवा असतो. केबलमधून येणारा प्रकाश थांबला की तो लाल होतो किंवा लुकलुकतो आणि शेजारचा PON लिहिलेला हिरवा दिवा स्थिर राहत नाही. डबा चालू आहे, पण बाहेरून प्रकाश येत नाही, असा याचा अर्थ आहे. वीज गेली असेल तर एकही दिवा लागत नाही. हा फरक कंपनीच्या बाजूच्या यंत्रातही वेगळा नोंदला जातो: प्रकाश तुटल्याची सूचना एक असते आणि डब्याची वीज गेल्याची सूचना दुसरी, कारण बंद पडता पडता डबा तसा शेवटचा संदेश पाठवतो. म्हणून पत्रात ‘3 जून ते 26 जून या काळातील माझ्या ओएनटीच्या अलार्म-नोंदी पाहाव्यात’ एवढे वाक्य घातले, तर गावी जाण्याचा आणि वीज नसण्याचा मुद्दा आपोआप गळतो. लाल दिव्याचे तारीख-वेळेसह काढलेले छायाचित्र आपल्याकडे असेल तर उत्तमच, आणि त्याच खांबावरून जोडणी घेतलेल्या शेजाऱ्यांनी तेव्हा नोंदवलेले तक्रार क्रमांक मिळाले तर त्याहून चांगले.

पत्र ईमेलने पाठवावे, ॲपमधील चॅटमध्ये नव्हे. चॅट कंपनीच्या मर्जीने नाहीशी होते आणि तिच्यावर तारीख असली तरी ती आपल्या ताब्यात राहत नाही. कंपनीचे तक्रार केंद्र दुसऱ्या राज्यात असेल तर पत्र मराठीबरोबर इंग्रजीतही द्यावे, म्हणजे भाषेच्या कारणाने आठवडा वाया जात नाही. मसुदा साधारण असा असावा:

‘विषय: ग्राहक क्रमांक … च्या जून महिन्याच्या बिलातील भाडे-सवलत.

माझी फायबर ब्रॉडबँड जोडणी 3 जून रोजी संध्याकाळी 7.40 पासून 26 जून रोजी दुपारी 1 वाजेपर्यंत सलग बंद होती. या काळात मी चार तक्रारी नोंदवल्या असून त्यांचे क्रमांक, उघडल्याच्या आणि बंद केल्याच्या वेळा सोबत जोडल्या आहेत. पहिल्या तीन तक्रारी जोडणी सुरू न होताच बंद करण्यात आल्या. सोबतच्या वापर-नोंदीत या काळात एकही सत्र नाही. म्हणून हा एकच बिघाड मानून त्याचा कालावधी सलग मोजावा आणि सोबत जोडलेल्या तरतुदीनुसार एका महिन्याचे भाडे 999 रुपये व त्यावरील जीएसटी 179 रुपये 82 पैसे, एकूण 1178 रुपये 82 पैसे, माझ्या खात्यात जमा करावेत. यापूर्वी देऊ केलेली 150 रुपयांची सद्भावना सवलत मी या मागणीचा निपटारा म्हणून स्वीकारलेली नाही. मागणी अमान्य असल्यास कारण लेखी कळवावे आणि 3 जून ते 26 जून या काळातील सत्र-नोंदी व ओएनटीच्या अलार्म-नोंदी पाठवाव्यात.’

त्यातले शेवटून दुसरे वाक्य वगळू नये. ते 150 रुपये आपण न मागता बिलात वजा झाले, तर तक्रार ‘ग्राहकाच्या संमतीने’ बंद झाल्याचा शेरा पडतो आणि वरच्या पायरीवर तोच शेरा आपल्याविरुद्ध वाचला जातो. फोनवर ‘मग आता समाधानी आहात ना, सर?’ असे विचारतात ते सभ्यतेपोटी असेलही, पण त्या प्रश्नाच्या ‘हो’ या उत्तरावर तक्रार बंद करण्याचे बटण दाबले जाते, हे मी त्या खुर्चीत बसून पाहिले आहे.

पत्र पाठवल्यावर त्याचाही क्रमांक मागून घ्यावा. हा बिलाच्या तक्रारीचा क्रमांक आहे आणि तो बिघाडाच्या क्रमांकांहून वेगळा असला पाहिजे. बिघाडाच्या जुन्या क्रमांकाखालीच उत्तर आले तर बहुधा ‘सेवा सुरू झाली आहे’ असे सांगून ते बंद करतात, जे खरेच असते आणि आपल्या काहीच उपयोगाचे नसते.

बिल भरावे की अडवून ठेवावे, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. माझे मत स्पष्ट आहे: मुदतीच्या आत पूर्ण भरावे आणि त्याच दिवशी एका ओळीचा ईमेल पाठवावा की ही रक्कम तक्रार कायम ठेवून भरली आहे. अडवून ठेवल्यास विलंब शुल्क लागते, जोडणी पुन्हा तोडली जाते, आणि मग कंपनी थकबाकीची गोष्ट सांगते आणि बंद दिवसांची गोष्ट मागे पडते. बँकेकडून कार्डाचा व्यवहार उलटवून घेणे हा मार्गही मी सुचवत नाही, कारण सेवा काही दिवस मिळाली होती आणि पूर्ण व्यवहारच नाकारणे हे आपल्या बाजूने खोटे ठरते.

ठरलेल्या मुदतीत उत्तर आले नाही किंवा नकार आला, तर पुढची पायरी कंपनीच्याच आतल्या अपील प्राधिकरणाची आहे. ट्रायच्या 2012 च्या तक्रार-निवारण विनियमांनी प्रत्येक कंपनीला ते ठेवणे बंधनकारक केले आहे. त्याचा ईमेल कंपनीच्या संकेतस्थळावर, बहुधा तळाशी बारीक अक्षरांत, मिळतो, आणि tccms.trai.gov.in या ट्रायच्या पानावरही कंपनी निवडून शोधता येतो. अपिलाला शुल्क नाही. तक्रार सोडवण्याची मुदत संपल्यापासून 30 दिवसांच्या आत ते करायचे असते आणि त्याचा निर्णय 39 दिवसांत व्हायचा असतो. अपील आधी एका सल्लागार समितीपुढे जाते. तिच्यावर एक सदस्य ट्रायकडे नोंदणी झालेल्या ग्राहक संघटनेचा असतो आणि दुसरा कंपनीचा. या समितीपुढे मी कागद मांडले आहेत आणि माझे निरीक्षण असे आहे की तिथे लांबलचक कहाणी कोणी वाचत नाही. चार क्रमांकांचा एका पानाचा तक्ता आणि शून्य वापराचे एक छायाचित्र मात्र प्रत्येक जण पाहतो. तक्त्यात पाच रकाने पुरतात: क्रमांक, उघडल्याची वेळ, बंद केल्याची वेळ, बंद करताना दिलेला शेरा, आणि त्या क्षणी जोडणी प्रत्यक्षात चालू होती की नाही. इथे कंपनीच्या वतीने बसलेल्या माणसालाही नोंदी उघडून पाहण्याचा अधिकार असतो, जो कस्टमर केअरच्या मुलाला नव्हता, म्हणून योग्य मांडणी केलेली प्रकरणे बहुधा याच पायरीवर मिटतात.

थेट ट्रायला पत्र लिहिण्यात मात्र वेळ घालवू नये. ट्राय नियम करते आणि कंपन्यांवर देखरेख ठेवते, वैयक्तिक तक्रारीचा निवाडा करत नाही, आणि आपले पत्र फार तर कंपनीकडेच पाठवते. अपिलातही यश आले नाही तर दूरसंचार विभागाकडे pgportal.gov.in वरून तक्रार करता येते किंवा 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर ती नोंदवता येते. शेवटी जिल्हा ग्राहक आयोग आहेच. दूरसंचार कंपनीविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येत नाही, असे काही कंपन्यांचे वकील पूर्वी सांगत असत, पण सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2022 मध्ये व्होडाफोन आयडिया विरुद्ध अजयकुमार अगरवाल या प्रकरणात तो आक्षेप फेटाळला आणि 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तर दूरसंचार सेवेचा उल्लेख नावानिशी आहे. आपण जिथे राहता तिथल्याच आयोगात तक्रार करता येते, दोन वर्षांची मुदत असते आणि एवढ्या छोट्या रकमेला शुल्क लागत नाही. तरीही बाराशे रुपयांसाठी आयोगाच्या तारखांना हजर राहणे किती परवडेल, हे आपणच ठरवावे. घरून काम करणाऱ्याचा त्या बावीस दिवसांत मोबाइल डेटावर झालेला खर्च किंवा बुडालेले काम यांची भरपाई भाडे-सवलतीत बसत नाही. ती मागायची असेल तर आयोग हीच जागा आहे, आणि मग तो खर्च पावत्यांनिशी दाखवावा लागतो.

काही प्रसंगी ही मागणी टिकत नाही, तेही आधीच जाणून घेतलेले बरे. नैसर्गिक आपत्तीत तुटलेल्या सेवेला कंपनी सवलत नाकारू शकते. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगर भागात आदळले, तेव्हा रायगड-रत्नागिरीत खांबच उभे नव्हते, आणि तिथे असा दावा उभा राहिला नसता. पण महापालिकेने किंवा जलवाहिनीच्या ठेकेदाराने रस्ता खणताना तोडलेली केबल ही नैसर्गिक आपत्ती नव्हे, आणि कंपनीने तसे म्हटले तर खोदकामाचे छायाचित्र आणि तारीख पुढे करावी. दुसरी गोष्ट, सोसायटीच्या पदाधिकाऱ्यांनी लाइनमनला गच्चीची किंवा डक्टची किल्ली दिली नाही आणि तो परत गेला, तर ते दिवस कंपनी आपल्या खात्यावर घालते आणि तिथे तिचे म्हणणे चूक नसते. तसे काही झाले असेल तर ते दिवस आपणच हिशेबातून वगळावेत, म्हणजे उरलेल्या हिशेबावर विश्वास बसतो. तिसरी गोष्ट, पुरवठादार गावातला अगदी लहान केबलवाला असेल तर या व्यवस्थेतील काही अटींतून त्याला सूट असू शकते. तिथे अपील प्राधिकरण शोधत बसण्यापेक्षा लेखी मागणी देऊन थेट 1915 चा मार्ग घ्यावा.

आणि समजा, कंपनी मान्य झाली आणि ‘पुढच्या बिलात जमा होईल’ असा संदेश आला. इथेही जवळून पाहण्यासारखे काही आहे. जुलैचे बिल उघडून वजा झालेली ओळ कराच्या वर आहे की खाली, ते पाहावे. 999 रुपये कराच्या वर वजा झाले असतील तर उरलेल्या रकमेवर सीजीएसटी आणि एसजीएसटी प्रत्येकी 9 टक्के लागतात, म्हणजे आपला कर आपोआप कमी होतो आणि हिशेब बरोबर आहे. ती ओळ करासह आलेल्या एकूण रकमेच्या खाली असेल आणि तिथेही फक्त 999 असतील, तर जूनमध्ये भरलेले 179 रुपये 82 पैसे कंपनीकडेच राहिले. जीएसटी कायद्यात अशा प्रसंगी क्रेडिट नोट देऊन कर कमी करण्याची सोय कलम 34 मध्ये आहे, म्हणून ‘कर आम्ही सरकारला भरला आहे’ या उत्तरावर थांबू नये. त्या फरकासाठी त्याच तक्रार क्रमांकाखाली एक ओळ लिहिली तरी बहुधा पुरते. आपण वर्षाचे पैसे आगाऊ भरले असतील तर रकमेऐवजी तीस दिवसांची मुदतवाढ मिळेल. अशा वेळी खात्यावरील नवी अंतिम तारीख जुन्या तारखेच्या शेजारी लिहून ठेवावी, कारण काही यंत्रणांमध्ये नूतनीकरण करताना वाढवलेले दिवस पुसले जातात. आणि या साऱ्याला कंटाळून आपण दुसऱ्या कंपनीकडे जाणार असाल, तर जोडणी बंद करण्याच्या अर्जात ही रक्कम सुरक्षा ठेवीसह बँक खात्यात मागावी. बंद झालेल्या खात्याचे पुढचे बिल निघतच नाही, आणि ‘पुढच्या बिलात’ जमा होणारे पैसे मग कुठेच जमा होत नाहीत.